ईसीजी नॉर्मल आला, पण तो काढला कधी?

*डॉक्टर मॅडम, माझं वय 34, वजन 91 किलो. दोन महिन्यांवर लग्न आहे म्हणून जिम लावली. ट्रेनरने एक फॅट बर्नर दिला. डब्यावर ‘एफेड्रा नाही, शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहिलंय. एका कॅप्सूलमध्ये सायट्रस ऑरॅन्शियम एक्स्ट्रॅक्ट 350 मिलिग्रॅम (6 टक्के सिनेफ्रिन), कॅफिन 200 मिलिग्रॅम, शिवाय ग्रीन टी आणि योहिम्बे. सकाळी एक घेतो, संध्याकाळी जिमच्या आधी एक. तेव्हाच प्री-वर्कआउटचा एक स्कूपही घेतो, त्यात 150 मिलिग्रॅम कॅफिन आहे. दिवसात तीनेक चहा होतात. गेल्या आठवड्यात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळी आणली, त्या दिवशी संध्याकाळी छातीत जोरात धडधडायला लागलं. मध्येच ठोका चुकायचा आणि पुढचा एकदम धाडकन यायचा. बाबांच्या मशीनवर बीपी 150/94 आलं, थोड्या वेळाने परत तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्सूल न घेता ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. ट्रेनर म्हणतो, धडधड म्हणजे औषध काम करतंय, संत्र्याचंच तर आहे. बाबांना बीपी आहे, 58व्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. ईसीजी चांगला आहे तर कॅप्सूल चालू ठेवू का? की एकच घेऊ?*
*– न. प., चिंचवड*

न. प., ठेवू नका. एकही नको, अर्धीही नको. प्री-वर्कआउटही आजपासून बंद. आता कारण सांगते, कारण ते नीट कळलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावाचा डबा तुमच्या बॅगेत येईल.

आधी ईसीजीबद्दल, कारण तुमचा सगळा भरवसा त्या कागदावर आहे. नेहमीचा ईसीजी म्हणजे हृदयाच्या साधारण दहा सेकंदांची नोंद. त्या दहा सेकंदांत ठोका चुकला तर तो कागदावर दिसतो, नाही चुकला तर दिसत नाही. तुमचा ईसीजी तर रात्रभराची झोप झाल्यावर, आदल्या संध्याकाळची कॅप्सूल बरीचशी उतरल्यावर आणि सकाळची न घेता काढलेला आहे. सिनेफ्रिन पोटात गेल्यावर तास-दोन तासांत रक्तात सर्वांत जास्त असतं आणि मग काही तासांत उतरतं. म्हणजे गडबड झाली संध्याकाळी सातला आणि तपासलं सकाळी दहाला. त्या कागदावरून एवढंच कळतं की औषध अंगात नसताना, पडून असताना तुमचं हृदय ठीक चाललं होतं. ही बातमी चांगली आहे आणि मला ती हवीच होती. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही.

हे मी उगाच ताणत नाही. 2004 साली ‘मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज’ या वैद्यकीय नियतकालिकात एका 22 वर्षांच्या निरोगी तरुणीची नोंद छापून आली. तिने असाच ‘एफेड्रा नसलेला’, कडू संत्रं आणि कॅफिन असलेला फॅट बर्नर घेतला होता आणि व्यायामानंतर ती बेशुद्ध पडली. तेव्हाच्या ईसीजीत क्यूटी हे अंतर लांबलेलं होतं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला जो वेळ लागतो, तो या अंतरावरून कळतो. ते फार लांबलं की घातक अनियमित ठोके सुरू होण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या दिवसापर्यंत ते अंतर पुन्हा नॉर्मल झालं होतं. तिचा ईसीजी कोणी दुसऱ्या दिवशी सकाळी काढला असता, तर तिच्याही हातात नॉर्मलचा कागद आला असता. एका रुग्णाच्या नोंदीवरून कॅप्सूलच दोषी असं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ईसीजी कधी काढला याला किती अर्थ आहे, ते त्यातून स्पष्ट दिसतं.

आता ‘संत्र्याचंच आहे’ याकडे वळू. डब्यावरचं सायट्रस ऑरॅन्शियम म्हणजे कडू संत्रं, ज्याचा युरोपात मार्मलेड करतात. आपलं नागपुरी संत्रं वेगळं. सिनेफ्रिन तसं खायच्या संत्र्यामोसंबीतही किंचित असतं, पण कॅप्सूलमध्ये असतो तो बहुधा कडू संत्र्याच्या कच्च्या फळाचा आटवलेला अर्क, ज्यात सिनेफ्रिन ठरावीक टक्क्यांपर्यंत वाढवलेलं असतं. तुमच्या डब्याचा हिशेब करू: 350 मिलिग्रॅमचे 6 टक्के म्हणजे 21 मिलिग्रॅम. दोन कॅप्सूलचे 42. लेबलवर टक्का दिलेला नसेल, किंवा सगळे घटक ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून एकाच आकड्यात कोंबलेले असतील, तर हा हिशेबही करता येत नाही. असे डबे तर हातातच घेऊ नयेत.

‘एफेड्रा नाही’ ही ओळ तुम्हाला दिलासा देते, म्हणून तिचा इतिहास सांगते. एफेड्रा या वनस्पतीतलं एफेड्रिन पूर्वी अमेरिकेतल्या वजन घटवायच्या गोळ्यांमध्ये सर्रास असायचं. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यूंच्या तक्रारी साठत गेल्या आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एफेड्रिन असलेल्या पूरक पदार्थांवर बंदी घातली. गोळ्या विकणाऱ्यांना पर्याय हवा होता. एफेड्रिनशी रचनेत साम्य असलेलं आणि बंदीत न आलेलं सिनेफ्रिन त्यांनी त्या जागी बसवलं. डब्यावर ‘एफेड्रा नाही’ हे खरंच असतं, पण त्या जागी काय आलं ते ती ओळ सांगत नाही.

सिनेफ्रिन अ‍ॅड्रेनॅलिनच्या कुळातलं आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आणि हृदयाच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनसाठी जे ग्राहक असतात, त्यांवर ते काम करतं. अ‍ॅड्रेनॅलिनपेक्षा किंवा एफेड्रिनपेक्षा ते बरंच सौम्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. निरोगी तरुणांना नुसतं सिनेफ्रिन देऊन केलेल्या अभ्यासांत एकमत नाही. 2005 च्या एका अभ्यासात 27 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने बीपी किंवा क्यूटी काहीच हललं नाही. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात 54 मिलिग्रॅमने 15 निरोगी तरुणांचं वरचं बीपी सरासरी सातने आणि ठोके मिनिटाला चारने वाढले, आणि हा परिणाम काही तास टिकला. फॅट बर्नर विकणारे पहिला अभ्यास दाखवतात आणि घाबरवणारे दुसरा. तुमच्या बाबतीत हे दोन्ही अपुरे आहेत, कारण तुम्ही नुसतं सिनेफ्रिन घेतच नाही.

म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 2005 मध्येच कॅलिफोर्नियात झालेला तिसरा अभ्यास. दहाच माणसं, पण मांडणी नेमकी. त्यांना वेगवेगळ्या दिवशी तीन गोष्टी दिल्या: एकदा नुसता कडू संत्र्याचा अर्क, ज्यात सुमारे 47 मिलिग्रॅम सिनेफ्रिन होतं, एकदा बाजारातला फॅट बर्नर, ज्यात सिनेफ्रिन जेमतेम साडेपाच मिलिग्रॅम, पण जोडीला कॅफिन आणि इतर उत्तेजक, आणि एकदा नुसती नकली गोळी. बीपी वाढलं ते कोणाने? 47 मिलिग्रॅमवाल्या अर्काने नाही. साडेपाचवाल्या मिश्रणाने वाढलं, वरचं आणि खालचं दोन्ही नऊ-दहा अंकांनी, दोन तासांत. ठोके दोन्हींनी वाढवले, पण मिश्रणाने जास्त: सहाव्या तासाला मिनिटाला सरासरी सोळा-सतरा. लक्षात घ्या, ही माणसं निरोगी होती आणि आरामात बसलेली होती. ती ट्रेडमिलवर धावत नव्हती आणि सर्दीची गोळीही त्यांनी घेतली नव्हती.

असं का होतं ते सोपं आहे. आपल्या शरीरात अ‍ॅडेनोसिन नावाचा एक रेणू हृदयाला आणि मज्जातंतूंना सतत ‘जरा हळू’ म्हणत असतो. कॅफिन त्याची जागा अडवतं. वरून सिनेफ्रिन वेग वाढवतं. म्हणजे एकीकडे अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि दुसरीकडे ब्रेकच काढून ठेवायचा. तुमच्या कॅप्सूलमध्ये तिसरा भिडू आहे योहिम्बे. त्यातलं योहिम्बिन मज्जातंतूंच्या टोकांवरची नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रोखून धरणारी व्यवस्थाच बंद करतं, त्यामुळे ते जास्त सुटतं. एकाच डब्यात हे तिघे असताना लेबलवरचा सिनेफ्रिनचा एकटा आकडा फारसं काही सांगत नाही.

कॅफिनचाही हिशेब मांडू. दोन कॅप्सूलचे 400, स्कूपचे 150. तीन चहा धरले की दिवसाचा आकडा सहाशेच्या पुढे जातो, ग्रीन टीच्या अर्कातलं वेगळंच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 आणि एका वेळी 200 मिलिग्रॅमपर्यंतचं कॅफिन चालेल असं म्हटलंय. तुम्ही संध्याकाळी कॅप्सूल आणि स्कूप मिळून एका वेळी 350 घेता, तेही सकाळच्या कॅप्सूलमधलं कॅफिन पूर्ण उतरण्याआधी. कॅनडात सिनेफ्रिनला दिवसाला 50 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, कॅफिनबरोबर असेल तर सिनेफ्रिन 40 आणि कॅफिन 320, आणि हे फक्त निरोगी प्रौढांसाठी. फ्रान्सच्या आरोग्य-सुरक्षा संस्थेने 2014 मध्ये त्याहून कडक भूमिका घेतली: दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर नको आणि कॅफिनबरोबर तर नकोच. तुमची एकच कॅप्सूल फ्रान्सच्या दोन्ही अटी मोडते. ‘एकच घेऊ का’ याचं उत्तर इथेच मिळतं.

त्या दिवशी नेमकं काय बिनसलं, यात मला सर्दीची गोळी फार बोलकी वाटते. आपल्याकडे मेडिकलमध्ये सर्दीसाठी मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवून नाक मोकळं करायचं हे त्याचं काम, पण ते फक्त नाकातच थांबतं असं नाही. आणि फेनिलेफ्रिन हे रसायनशास्त्रात सिनेफ्रिनचं सख्खं भावंड आहे. रेणू तोच, फक्त एका गटाची जागा बदललेली. काही सर्दीच्या गोळ्यांत कॅफिनही घातलेलं असतं. तुमची पाकिटं काढून मागे काय लिहिलंय ते वाचा. फेनिलेफ्रिन दिसलं तर त्या संध्याकाळी तुमच्या अंगात रक्तवाहिन्या आवळणारी आणि हृदयाला पळवणारी चार-पाच रसायनं एकत्र होती. त्यात व्यायाम, आणि व्यायामात शरीर स्वतःचं अ‍ॅड्रेनॅलिन सोडतंच.

तो चुकलेला ठोका खरं तर चुकलेला नसतो, तो वेळेआधी आलेला असतो. उत्तेजकांमुळे हृदयाच्या पेशींत कॅल्शियमचा साठा वाढतो आणि एखादी पेशी आपली पाळी यायच्या आधीच ठिणगी टाकते. हा आगाऊ ठोका दुबळा असतो, कारण हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो जाणवतही नाही. मग थोडा विराम जातो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका धाडकन लागतो. निरोगी हृदयात असे तुरळक ठोके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, त्यांची धास्ती घेऊ नका. पण ते कशाने तरी वाढवले जात असतील, बीपीही त्याच वेळी चढत असेल आणि वडिलांना हृदयविकार असेल, तर ते तसेच चालू द्यायचे नसतात. लग्नासाठी तुम्ही जेवण फार तोडलं असेल तर तेही सांभाळा. उपाशी राहून भरपूर घाम गाळला की पोटॅशियम घटू शकतं आणि मग अनियमित ठोके सुटायला आणखी वाव मिळतो.

बंद करताना थोडं सांभाळून. सहाशेवरून एकदम शून्यावर आलात तर दुसऱ्या दिवशी डोकं जाम दुखेल, सुस्ती येईल, चिडचिड होईल. हा कॅफिन सुटल्याचा त्रास असतो, आठवडाभरात जातो. म्हणून कॅप्सूल आणि स्कूप आज बंद, पण सकाळ-दुपारचा चहा राहू द्या, तो पुढे सावकाश कमी करता येईल. डोकं दुखलं तर त्यावर सर्दीचीच गोळी घेऊ नका. साधी पॅरासिटामॉल चालेल, फक्त पाकिटावर दुसरं काही मिसळलेलं नाही ना ते पाहा.

मग आठवडाभर बाबांच्या मशीनवर बीपी मोजा, पण पद्धतशीर. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी, व्यायामानंतर किमान अर्धा तास सोडून. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीवर आणि शर्टाच्या बाहीवरून नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजायचं आणि दोन्ही आकडे, नाडीच्या ठोक्यांसह, वहीत लिहायचे. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजमापात सरासरी 135/85 च्या खाली असेल तर त्या दिवशीचं 150/94 बहुतांशी औषधांचं होतं असं समजायला हरकत नाही. त्याच्या वर राहिली, तर बीपी तुमचं स्वतःचं आहे आणि फॅट बर्नरने ते फक्त उघडं पाडलं. 34 व्या वर्षी, 91 किलो वजन आणि वडिलांचा असा इतिहास असताना हे अगदी शक्य आहे, आणि मग फिजिशियनकडे जायला उशीर करू नका. एक मात्र करू नका: ‘बघू तरी’ म्हणून कॅप्सूल घेऊन तासाभराने बीपी मोजायचा प्रयोग.

कॅप्सूल सोडून आठवडा झाल्यावरही ठोके चुकत राहिले, तर साधा ईसीजी पुन्हा काढून उपयोग नाही. डॉक्टरांना होल्टरबद्दल विचारा. ते छातीला लावायचं छोटं यंत्र असतं, चोवीस तासांची नोंद ठेवतं. ते लावून नेहमीची कामं करायची आणि धडधड झाली की वेळ लिहून ठेवायची. सोबत रक्तातलं पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्यावं, कारण थायरॉइड वाढलेलं असेल तर असंच धडधडतं. वडिलांमुळे लिपिड प्रोफाइल आणि साखर तपासायलाही हे योग्य निमित्त आहे.

व्यायाम करताना चक्कर येऊन पडलात, छातीत दाब किंवा दुखणं आलं, दम लागला, किंवा धडधड सुरू होऊन थांबेचना, तर घरी बसून मशीन लावत राहू नका. 108 ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बीपी 180/120 च्या पुढे जाऊन त्रास होऊ लागला, तरीही तेच. डबा, प्री-वर्कआउट आणि सर्दीची गोळी सोबत न्या आणि शेवटची कधी घेतली ते आधी सांगा. त्यावरून डॉक्टरांचे उपचार बदलू शकतात. म्हणूनच घरात कोणाची ‘ठोके कमी करायची’ गोळी पडली असेल तर ती स्वतःहून घेऊ नका. रक्तवाहिन्या आवळलेल्या असताना एकटी बीटा ब्लॉकर गोळी बीपी आणखी चढवू शकते.

लेबल कितीही नीट वाचलं तरी ते खरं असेलच असं नाही, हेही सांगायला हवं. वजन घटवण्याच्या गोळ्यांत न सांगता औषधं मिसळलेली जगभर वारंवार सापडली आहेत. त्यातलं नेहमी सापडणारं एक म्हणजे सिब्युट्रामिन. भूक मारणारं हे औषध हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं असं दिसल्यावर 2010 मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढलं गेलं आणि 2011 मध्ये भारतात त्यावर बंदी आली. डब्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक नसेल, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल, किंवा ट्रेनरने सुट्या पिशवीत कॅप्सूल दिल्या असतील, तर आत काय आहे ते कोणालाच सांगता येणार नाही.

आणि हे सगळं कशासाठी? सिनेफ्रिनच्या बाजूने नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या एका अभ्यासात 50 मिलिग्रॅमने शरीराचा खर्च नकली गोळीपेक्षा सुमारे 65 कॅलरींनी वाढला. एका पोळीतही याहून जास्त कॅलरी असतात. तुमच्या ट्रेनरचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण धडधड म्हणजे चरबी जळतेय हे त्याचं म्हणणं साफ चुकीचं आहे. चरबी जळताना छातीत काही जाणवत नाही. जाणवतंय ते उत्तेजक.

दोन महिन्यांत वजन उतरवायचं तर व्यायाम चालू ठेवा, फक्त पहिला आठवडा हलका: चालणं, सायकल, बोलता येईल इतकाच वेग, जड वजनं नकोत. बीपीची वही नीट दिसली आणि ठोके शांत राहिले की पुन्हा वाढवा. या काळात चार ते पाच किलो नेटाने जाऊ शकतात, तेवढं पुष्कळ आहे. आठवड्यानंतरचे आकडे आणि सर्दीच्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते मला जरूर कळवा. आणि डॉक्टरकडे जाताना बाबांच्या अँजिओप्लास्टीचे कागद बरोबर न्या.